नखं मागचं सांगतात, पुढचं नाही

आज हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि आपल्या दोन्ही हातांची नखं समोर धरा. नेलपॉलिश असेल तर आज नुसतं ऐका, पुसल्यावर बघा. आजचा विषय बोटांच्या टोकावरचाच आहे.

लहानपणी आभाळात बगळ्यांची रांग दिसली की आपण नखं एकमेकांवर घासायचो आणि बगळ्यांकडे फुलं मागायचो. दुसऱ्या दिवशी नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्यानं फूल दिलं म्हणून शाळाभर मिरवायचो. तो खेळ होता. पण मोठेपणी तोच ठिपका जत्रेत, आठवड्याच्या बाजारात किंवा दारावर आलेल्या हात बघणाऱ्याला दिसतो, आणि मग त्याचा अर्थ सांगायचे पैसे पडतात. कधी त्यावरून अंगठी गळ्यात मारली जाते, कधी मुलगी बघायला आलेली माणसं नखांवरून कुजबुजतात. म्हणून हात बघणारे नखांवरून काय सांगतात आणि नख खरोखर काय सांगू शकतं, हे आज आपण नीट समजून घेऊ.

आधी त्यांचं म्हणणं ऐकू. हस्तसामुद्रिक सांगणाऱ्यांच्या मते पांढरा ठिपका साधारण शुभ आणि काळा ठिपका अशुभ. ठिपका कोणत्या बोटावर आहे त्यावरून फळ ठरतं. अंगठ्यावर असला तर प्रेम, पहिल्या बोटावर लाभ किंवा मान, मधल्या बोटावर प्रवास, अनामिकेवर पैसा आणि करंगळीवर धंद्यात यश. सांगणारा बदलला की यादीही थोडी बदलते. काहीजण ठिपक्याची जागाही बघतात. ठिपका नखाच्या मुळाशी असेल तर गोष्ट पुढे घडायची आहे, मधे असेल तर आत्ता घडते आहे, आणि टोकाशी गेला असेल तर घडून गेली, असं ते सांगतात. ही जागेची गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

रंग आणि आकाराचं शास्त्र म्हणून जे सांगतात ते फार जुनं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरांच्या बृहत्संहिता या ग्रंथात माणसाच्या अंगावरच्या लक्षणांचे अध्याय आहेत. त्यात तांब्यासारख्या लालसर नखांचा पुरुष सेनापती होतो आणि चपट्या, फुटक्या नखांचा माणूस धनहीन राहतो, असं म्हटलं आहे. मुलींच्या लक्षणांचा अध्याय वेगळा आहे. त्याची सुरुवातच पायांच्या नखांपासून होते. तुकतुकीत, टोकाशी उचललेली, पातळ आणि तांबूस नखं असलेल्या मुलीशी, राजा व्हायची इच्छा असणाऱ्यानं लग्न करावं, असा सल्ला तिथे आहे. इथे एक गंमत बघा. पुरुषाच्या नखांवरून त्याचं स्वतःचं नशीब सांगितलं आहे, आणि मुलीच्या नखांवरून तिच्या नवऱ्याचं! पुढे नवऱ्याचा धंदा बुडाला तर बोल कोणाच्या नखांना लागायचा, ते आपल्याला सांगायला नकोच.

दुसरं नाव तुम्ही बाजारातल्या पुस्तकांवर पाहिलं असेल, ते म्हणजे कीरो. हा मूळचा आयर्लंडचा. हात बघायची विद्या आपण कोकणातल्या एका ब्राह्मण गुरूकडून शिकलो, असं तो सांगत असे. १८९४ साली त्याचं हातावरचं पुस्तक निघालं. लांब नखांच्या माणसाची छाती आणि फुप्फुसं नाजूक, आखूड नखांच्या माणसाला हृदयाचा त्रास, अशा गोष्टी त्यानं लिहिल्या. आज गावोगावी नखांवरून आजार सांगितले जातात, त्यातलं बरंचसं या दोन झऱ्यांचं पाणी आहे. थोडं जुन्या सामुद्रिकाचं, थोडं कीरोचं.

आता दुसरी बाजू. नख म्हणजे काय? नखाच्या बुडाशी जी कातडीची घडी असते, तिच्या खाली नख तयार करणारा भाग लपलेला असतो. त्याला आपण नखाचं मूळ म्हणू. अंगठ्याच्या बुडाशी पांढरी चंद्रकोर दिसते ना, ती या मुळाचीच पुढची कड. मुळाशी नवं नख तयार होतं आणि जुन्या नखाला पुढे ढकलतं. बाहेर आलेलं नख निर्जीव असतं, म्हणून तर कापताना दुखत नाही. आणि म्हणूनच मुळात असताना नखावर जी खूण पडली, ती मधेच पुसली जात नाही. ती नखाबरोबर पुढे सरकते आणि शेवटी नेलकटरखाली जाते.

हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. लग्नात किंवा नागपंचमीला हातावर मेंदी काढली की नखंही रंगतात. तळहातावरची मेंदी आठ-पंधरा दिवसांत जाते, पण नखावरची जात नाही. महिन्याभरानं नखाच्या बुडाशी कोऱ्या नखाची बारीक पट्टी दिसते. पुढे ती पट्टी रुंद होत जाते आणि मेंदी टोकाकडे सरकते. ती कोरी पट्टी म्हणजे मेंदी लावल्यानंतर बाहेर आलेलं नख.

हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली तर तिच्यावरच्या बारीक तीन रेघा. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं नख यायला साधारण सहा महिने लागतात. पायाचं नख याहून बरंच हळू वाढतं, अंगठ्याला वर्ष-दीड वर्षही लागतं. वयानुसार आणि माणसानुसार यात थोडा फरक पडतो, पण अंदाज बांधायला हा हिशेब पुरतो. खूण कातडीच्या घडीपासून किती मिलिमीटर पुढे आहे ते मोजा आणि तीनानं भागा. तेवढे महिने झाले. शिवाय मुळात तयार झालेलं नख घडीखालून बाहेर यायला आणखी काही आठवडे लागतात, ते त्यात मिळवा.

आता हा हिशेब एका खऱ्या हातावर करून बघू. आमच्या एका गटातल्या वहिनी श्रावणात जत्रेला गेल्या होत्या. तिथे एका हात बघणाऱ्यानं त्यांचा उजवा हात धरला. अंगठ्यावर, पहिल्या आणि मधल्या बोटाच्या नखावर पांढरे ठिपके होते. तो म्हणाला, लाभ आणि मान तुमच्या दाराशी आलेला आहे, पण नखं चपटी आणि फिकट आहेत, म्हणून लक्ष्मी टिकत नाही. त्यावर उपाय म्हणून त्यानं ११०० रुपयांची खड्याची अंगठी सांगितली. वहिनींकडे तेव्हा पैसे नव्हते. पुढच्या बैठकीत त्यांनी गटाकडे ११०० रुपयांचं कर्ज मागितलं. कशासाठी, हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक कर्जाला विचारला जातो, तसा विचारला, आणि सगळी हकीकत बाहेर आली.

त्या दिवशी बैठकीत आम्ही पट्टी आणली. तिन्ही नखांवरचे ठिपके घडीपासून पाच ते सहा मिलिमीटरवर होते. तीनानं भागलं तर जवळजवळ दोन महिने. त्यात घडीखालचे काही आठवडे मिळवले. दिवस श्रावणाचे, ऑगस्ट महिना. मागे मोजत गेलो तर मे महिन्याची अखेर आणि जूनची सुरुवात येते. वहिनींना विचारलं, तेव्हा हातानं काय काम करत होता? उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला नाही. पेरणीसाठी भुईमुगाचं बियाणं काढत होत्या. आठ दिवस शेंगा फोडत होत्या, घरच्या आणि शेजारच्याही. शेंग कोणत्या बोटांनी फोडतात? अंगठा, पहिलं आणि मधलं बोट. डाव्या हाताच्या नखांवर एकही ठिपका नव्हता, उजव्या अनामिकेवर आणि करंगळीवरही नव्हता.

पांढरे ठिपके बहुतेक वेळा असेच येतात. बोटाला बारीक मार बसतो, दाब पडतो, कुणी नखाजवळची कातडी कुरतडतं. तो मार इतका लहान असतो की आपल्या लक्षातही राहत नाही. पण मुळाशी त्या वेळी जे नख तयार होत असतं, त्याची वीण तेवढ्या जागी बिघडते, आणि तो भाग आरपार न दिसता पांढरा दिसतो. ठिपके म्हणजे कॅल्शियमची कमतरता, असंही सर्रास सांगतात. त्या समजुतीलाही आधार नाही. एखाद-दोन नखांवरच्या अशा ठिपक्यांना गोळी लागत नाही, आणि अंगठीही लागत नाही. ते नखाबरोबर निघून जातात.

आता ती जागेची गोष्ट आठवा. ठिपका मुळाशी असेल तर पुढे घडणार, टोकाशी असेल तर घडून गेलं, असं हात बघणारे सांगतात. खूण मुळाकडून टोकाकडे जाते, हे त्यांनी बरोबर पाहिलेलं आहे. पण मुळाशी नुकताच दिसलेला ठिपकासुद्धा काही आठवड्यांपूर्वीच्या माराचा असतो. नखावर येणारी प्रत्येक खूण मागच्या दिवसांची असते. पुढचं नख अजून तयारच झालेलं नसतं, मग त्यावर पुढचं लिहिलेलं कसं असेल?

ठिपक्यांचा प्रश्न तिथेच मिटला. पण हात बघणाऱ्यानं दुसरी एक गोष्ट म्हटली होती. नखं चपटी आणि फिकट. यात त्याच्या नजरेला जे दिसलं ते खरं होतं. वहिनींची नखं खरोखरच सपाट झाली होती, आणि पहिल्या व मधल्या बोटाची नखं तर मधे खोलगट होऊन कडेला वर उचललेली दिसत होती, लहानशा चमच्यासारखी. टोकं पातळ होऊन तुटत होती. आमच्यातल्या आशाताईंनी त्या खोलगट नखावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब घरंगळला नाही, खळग्यात बसून राहिला. नेहमीच्या, मधे फुगीर असलेल्या नखावरून थेंब खाली येतो.

अशा नखांचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरात लोह कमी पडणं. लोह कमी झालं की रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होतं, आणि बऱ्याच दिवसांच्या कमतरतेनं नखं पातळ, मग सपाट, मग खोलगट होऊ शकतात. नखाचा गुलाबी रंग नखाचा स्वतःचा नसतो. नख काचेसारखं असतं आणि त्यातून खालच्या कातडीतलं रक्त दिसतं. रक्त फिकट झालं की नख फिकट दिसतं. आता वराहमिहिरांचे शब्द परत आठवा. तांबूस नखं भाग्याची, चपटी फुटकी नखं धनहीनाची. त्या काळच्या माणसांची नजर तीक्ष्ण होती, असंच म्हणावं लागेल. पण नखं चपटी म्हणून माणूस गरीब होत नाही. ज्याला पोटभर आणि चांगलं मिळत नाही त्याची नखं चपटी होऊ शकतात. बैलाच्या जागी गाडी आणि गाडीच्या जागी बैल बांधला, एवढीच चूक झाली, पण त्यामुळे उपाय मात्र पार बदलतो. नखामुळे लक्ष्मी जाते म्हटलं की अंगठी घ्यावी लागते. रक्त कमी म्हणून नख असं झालं म्हटलं की रक्त तपासावं लागतं.

आशाताई वहिनींना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. हिमोग्लोबिन निघालं ८.४. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त हवं, आणि गरोदर बाईचं ११ किंवा त्याहून जास्त. वहिनींना जिना चढताना धाप लागत होती, खुरपताना चक्कर यायची, पण वय झालं म्हणून त्या गप्प होत्या. वय होतं अडतीस. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की दोन वर्षांपासून पाळीत सात-आठ दिवस खूप अंगावरून जात होतं. लोह तिथून जात होतं. म्हणून नुसत्या गोळ्या देऊन न थांबता त्यांना तपासणीसाठी पुढे पाठवलं, आणि पाळीच्या त्रासावरही उपचार सुरू झाले.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर काय होतं, हे सगळ्यांनी नीट ऐका, कारण इथेच बऱ्याच जणी गोळ्या सोडतात. शौचाला काळी होते, ते गोळीमुळे असतं, त्याला घाबरायचं नाही. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घेऊन बघा. चहाबरोबर किंवा चहाच्या आगेमागे गोळी घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह जास्त अंगी लागतं. वहिनींचं हिमोग्लोबिन दोन महिन्यांत १०.२ झालं. धाप कमी झाली. पण नखं? नखं तशीच होती. त्या म्हणाल्या, नखं कुठं सुधारली, गोळ्यांचा काय उपयोग? तेव्हा आम्ही परत मेंदीचा हिशेब सांगितला. नखाचा बिघडलेला भाग बाहेर येऊन निर्जीव झालेला आहे, गोळी त्याला दुरुस्त करू शकत नाही. नवं नख मुळातून चांगलं येईल आणि जुनं पुढे ढकलेल. आणि तसंच झालं. आधी बुडाशी नीट, फुगीर नख दिसू लागलं आणि टोकाशी खोलगटपणा राहिला. माघ संपता संपता खोलगट भाग कापून गेला. हिमोग्लोबिन बारावर गेल्यावरही डॉक्टरांनी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवल्या, कारण अंगातला लोहाचा साठा भरायला रक्तापेक्षा जास्त वेळ लागतो.

इथे एक मोठा इशारा द्यायचा आहे. ही गोष्ट ऐकून तुम्ही एकमेकींची नखं बघून कोणाचं रक्त कमी ते ठरवू लागलात, तर तुम्हीही हात बघणाऱ्यासारखंच कराल. चमच्यासारखी नखं लोह कमी असलेल्या सगळ्यांना होत नाहीत, थोड्यांनाच होतात. फिकटपणा डोळ्यांना दिसतो तो बहुधा रक्त बरंच उतरल्यावर. हिमोग्लोबिन दहा असलेल्या बाईची नखं अगदी गुलाबी आणि छान दिसू शकतात. उलट, तान्ह्या मुलांच्या पायांची नखं मुळातच पातळ आणि खोलगट असतात आणि वाढता वाढता सरळ होतात. म्हणजे नख वाईट दिसलं तर तपासायला जा, पण नख चांगलं दिसलं म्हणून तपासणी टाळू नका. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या जवळपास ५४ बायकांना रक्तक्षय आढळला. आपल्या बारा जणींच्या गटात हा हिशेब लावला तर सहा-सात जणी होतात. त्या सगळ्या नखांवरून ओळखू येणार नाहीत, बोटाला टोचून एक थेंब रक्त तपासलं तरच कळतील.

चंद्रकोरीबद्दलही विचारणा होते. चंद्रकोर दिसत नाही म्हणजे हृदय दुबळं, असं सांगतात. चंद्रकोर बहुतेकींच्या अंगठ्यावर दिसते, करंगळीवर अनेकदा दिसतच नाही, कारण ती कातडीच्या घडीखाली झाकलेली असते. त्यावरून हृदय कळत नाही.

आता आडव्या रेघेबद्दल. कधीकधी नखावर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी खाच पडते, बोट फिरवलं तर हाताला लागते. हात बघणारे म्हणतात, संकट येणार. मोठा ताप, विषमज्वर, डेंग्यू, मोठं ऑपरेशन अशा वेळी शरीर नख वाढवायचं काम जरा थांबवतं. थांबलं तिथे खाच पडते. १८४६ साली बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी या रेघांचं वर्णन केलं, म्हणून वैद्यकात त्यांना त्यांचंच नाव आहे. अनेक बोटांवर सारख्याच अंतरावर खाच असेल तर तुमच्या पट्टीनं मोजा. नऊ मिलिमीटरवर असेल तर तीन महिने आणि वर काही आठवडे मागे जा. बहुतेक वेळा त्या दिवसांतलं आजारपण आठवतं. म्हणजे संकट येणार नसतं, येऊन गेलेलं असतं. एकाच बोटावर खाच असेल तर त्या बोटालाच मार लागलेला असण्याची शक्यता जास्त.

कीरोनं नख आणि फुप्फुसांची सांगड घातली, त्यात थोडं तथ्य आहे का? आहे, पण ते त्याच्या फार आधीपासून वैद्यांना माहीत होतं. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या काळात छातीच्या आजारात बोटांची टोकं फुगून नखं गोल वाकतात, हे नोंदलेलं आहे. पण तो बदल लांब नख किंवा आखूड नख असा जन्मजात आकार नाही. तो आधी नसलेला, नंतर आलेला फुगवटा असतो. तो ओळखायची एक सोपी रीत आहे. दोन्ही हातांची एकच बोटं, समजा दोन्ही पहिली बोटं, नखाला नख लावून समोरासमोर धरा. नखांच्या बुडाशी दोन नखांमधे हिऱ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. शामरोथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयाच्या डॉक्टरांनी स्वतःच्याच आजारपणात ही फट बुजलेली पाहिली आणि १९७६ साली ही रीत लिहिली. फट दिसली तर ठीक. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं अलीकडे फुगली असतील तर डॉक्टरांना दाखवा, विशेषतः खोकला किंवा दम असेल तर.

काळ्या रेघेचंही सांगून ठेवतो. बोट दारात सापडलं की नखाखाली रक्त साकळतं आणि काळा डाग पडतो. तो नखाबरोबर पुढे सरकतो आणि त्याच्यामागे बुडाशी स्वच्छ नख दिसतं. सावळ्या रंगाच्या माणसांच्या अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेघा असतात, त्याही बहुतेक निरुपद्रवी. पण एकाच नखावर नव्यानं उभी काळी रेघ आली, ती रुंद होत चालली किंवा तिचा रंग बाजूच्या कातडीवर पसरला, तर थांबू नका. पुढे न सरकता मुळापासून टोकापर्यंत तशीच राहणारी अशी रेघ क्वचित कर्करोगाची असू शकते. तिला अशुभ म्हणून शांत करणारा माणूस शोधायचा नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं.

सुनेची किंवा होणाऱ्या सुनेची नखं बघून ती घराला कशी असेल, हे सांगणाऱ्यांना आता तुम्ही काय उत्तर द्याल? आम्ही असं म्हणतो, नखावरून तिच्या मागच्या सहा महिन्यांचं थोडंफार कळेल. तिनं शेंगा फोडल्या का, ताप काढला का, तिच्या पोटात लोह गेलं का. तुमच्या घरात आल्यावर तिचं कसं होईल, ते पुढच्या सहा महिन्यांच्या नखांवर उमटेल, आणि ते बरंचसं तुमच्या ताटावर अवलंबून आहे.

वहिनींनी मागितलेलं ११०० रुपयांचं कर्ज गटानं मंजूर केलं. त्यातून त्यांचं तपासणीसाठी तालुक्याला जाणं-येणं आणि सोनोग्राफी झाली, आणि हप्ते वेळेवर फिटले. आता तुमच्या गटासाठी एवढंच. पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा, सगळ्या जणींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि आकडा तारखेसह हजेरीच्या वहीत लिहून ठेवा. ज्यांचा आकडा बाराच्या खाली येईल त्यांचा दोन महिन्यांनी परत घ्या. आणि येताना मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन या, ठिपके मोजायला मजा येईल.